पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या खासगी गाडीचं पुन्हा पासिंग: आधी नोंद, मग पैसे, मग मैदान

प्रश्न: वडिलांच्या नावावर पेट्रोल कार आहे, एमएच-12 पासिंगची. नोंदणी 9 जुलै 2010 ची. आरसीची मुदत 8 जुलै 2025 ला संपली हे आम्हाला आत्ता नोव्हेंबरअखेर पीयूसी काढताना कळलं. लाइफटाइम टॅक्स भरलेला असताना परत नोंदणी का करावी लागते? उशिराचा दंड किती? तोवर गाडी चालवली तर चालेल का? आणि पासिंगला नेल्यावर नेमकं काय बघतात? एजंट म्हणतो, गाडी न नेताही काम होईल.

उत्तर:

मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून बरीच वर्षं खासगी गाड्या तपासल्या आहेत. त्यामुळे तुमचा शेवटचा मुद्दा आधी घेतो. गाडी न दाखवता नूतनीकरण करून देतो म्हणणाऱ्या माणसाच्या हातात कागद देऊ नका. नूतनीकरणाचा सगळा अर्थच त्या तपासणीत आहे. न बघता बघितली म्हणून नोंद झाली, तर उद्या अपघातानंतर ती नोंद तुमच्या वडिलांच्या विरोधात उभी राहील. एजंटाकडून अर्ज भरून घ्यायला हरकत नाही, पण गाडी आरटीओच्या तपासणी मैदानावर गेलीच पाहिजे.

आता लाइफटाइम टॅक्सबद्दल. कर आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे खासगी कारचा रस्ता कर नोंदणीच्या वेळी एकरकमी भरला जातो, म्हणून कराच्या रकान्यात LTT किंवा OTT असं दिसतं आणि लोकांना वाटतं की सगळं आयुष्यभराचं झालं. नोंदणीचं तसं नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 41 प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते आणि पुढे दर वेळी 5 वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. ही 15 वर्षं नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, गाडी कारखान्यात कधी बनली त्यावरून नाही. मोबाइलवरच्या आरसीत खासगी गाडीची ही मुदत बऱ्याचदा फिटनेसच्या तारखेच्या रूपात दिसते, त्यामुळे 'फिटनेस तर टॅक्सी-ट्रकला लागतं' असं म्हणून ती नजरेआड होते. तुमच्या घरात झालं ते असंच असावं.

पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात द्यावीच लागते, ही समजूतही इथेच दूर करतो. 15 वर्षांच्या पेट्रोल आणि 10 वर्षांच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा विषय दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता आहे. 1 एप्रिल 2023 पासून ज्यांची 15 वर्षांनंतर नोंदणी वाढवत नाहीत, त्या सरकारी मालकीच्या गाड्या. पुण्यातली खासगी कार तपासणीत उतरली तर तिची नोंदणी वाढते.

तोवर गाडी चालवायची का? नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 52 सांगतो की मुदत संपल्यावर नूतनीकरण होईपर्यंत गाडी वैध नोंदणीची धरली जात नाही आणि ती सार्वजनिक जागी वापरायची नाही. कायद्याच्या नजरेत तुमची गाडी आज विनानोंदणीची आहे. कलम 192 खाली पहिल्या गुन्ह्याला किमान 2,000 आणि कमाल 5,000 रुपये दंड आहे, पुन्हा सापडलात तर तो 5,000 ते 10,000 पर्यंत जातो आणि कैदेचीही तरतूद आहे. पोलीस गाडी अडकवूनही ठेवू शकतात. पण मला त्या दंडापेक्षा विम्याची काळजी जास्त वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 आणि 2021 मध्ये अशी दोन प्रकरणं निकालात काढली, ज्यांत विमा पॉलिसी चालू होती पण गाडीची नोंदणी संपलेली होती. एकात अपघात होता, दुसऱ्यात चोरी. दोन्हीकडे मालकाचा दावा नाकारणं न्यायालयाने योग्य ठरवलं. त्या गाड्यांची तात्पुरती नोंदणी संपली होती, पण मुद्दा तोच, की वैध नोंदणी नसताना गाडी वापरणं हाच पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे. तेव्हा हप्ता भरलाय, मग काय बिघडतं, असं म्हणून रोज ऑफिसला गाडी नेऊ नका.

अपॉइंटमेंटची पावती खिशात असली की रस्त्यावर चालतं, असंही बरेच जण सांगतील. पावती दाखवल्यावर समोरचा पोलीस समजून घेईल कदाचित, पण कायद्यात पावतीला अशी सूट नाही. म्हणून मी टोइंगची गाडी बोलवायला सांगतो. त्याचा खर्च एकदाच यावा म्हणून बाकीची तयारी घरच्या पार्किंगमध्येच उरकायची आणि गाडी एका फेरीत पीयूसी, मैदान असं करून परत आणायची.

आता क्रमाचं बोलू. बहुतेक लोक आधी ऑनलाइन पैसे भरतात, मग गॅरेजला जातात आणि मैदानावर पोचल्यावर त्यांना कळतं की नोंदीतच घोटाळा आहे. हा क्रम उलटा करा. मैदानावरून परत गेलेल्या गाड्या मी आठवतो तेव्हा ब्रेकमुळे परत गेलेल्यांपेक्षा नंबर आणि कागद जुळत नाहीत म्हणून परत गेलेल्या जास्त आठवतात.

पहिल्या दिवशी फक्त वडिलांची आरसी आणि मोबाइल घेऊन बसा. parivahan.gov.in वर वाहनविषयक सेवांमध्ये महाराष्ट्र निवडून गाडीचा नंबर टाका. ओटीपी कुठल्या मोबाइलवर जातोय ते बघा. 2010 साली शोरूमवाल्याने कुठलातरी नंबर लिहिलेला असतो, कधी स्वतःचाच. मोबाइल नंबर बदलण्याची सेवा त्याच ठिकाणी आहे, तिला चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख लागते आणि आधारवरचं नाव नोंदीतल्या नावाशी जुळावं लागतं. आरसीवर नुसती आद्याक्षरं आणि आधारवर पूर्ण नाव असेल तर ही पायरी घरून होणार नाही, कार्यालयात जाऊन करावी लागेल. त्यासाठी आधीच वेळ ठेवा.

मग गाडीपाशी जा आणि चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. हे काम नव्वद टक्के मालकांनी कधीच केलेलं नसतं, अशी माझी समजूत आहे. नंबर पत्र्यात ठोकलेला असतो. कुठल्या मॉडेलला तो इंजिनच्या मागच्या भिंतीवर असतो, कुठल्या गाडीत पुढच्या सीटखालच्या कार्पेटमध्ये कापलेली झडप उचलून बघावा लागतो. गाडीच्या माहितीपुस्तकात जागा दिलेली असते. 17 अक्षरं-अंक असतात. ते कागदावर उतरवून घ्या आणि आरसीशी एकेक करून ताडून बघा. एक खूण लक्षात ठेवा. या 17 जागांत इंग्रजी I, O आणि Q ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती 1 आणि 0 शी गल्लत करतात. म्हणजे तुमच्या आरसीवर चेसिस नंबरात O दिसत असेल तर तो नोंद करणाऱ्याने चुकवलेला शून्य आहे. जुन्या पुस्तकी नोंदी संगणकावर चढवताना असं पुष्कळ झालं आहे. दिसायला किरकोळ, पण पोर्टल आणि निरीक्षक दोघंही त्यावर अडतात, कारण न जुळणारा चेसिस नंबर हीच चोरीच्या गाडीचीही पहिली खूण असते. फरक सापडला तर आधी कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज द्या. सोबत मूळ खरेदीचं बिल किंवा जुन्या विम्याची प्रत असली तर काम सोपं जातं.

नंबरावर गंज चढला असेल तर काळजीपूर्वक वागा. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि मऊ ब्रश वापरा, हळूहळू पुसा. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, ग्राइंडर यांतलं काही त्या जागेला लावू नका. गॅरेजमधली मुलं उत्साहाने घासून चकचकीत करून देतात आणि अंकांच्या कडा झिजतात. निरीक्षकाच्या डोळ्याला झिजलेल्या कडा आणि छेडछाड केलेल्या कडा यांत फरक करणं कठीण असतं, मग तो सही करत नाही आणि त्याचं बरोबरच असतं. स्वच्छ झाल्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलचा ठसा घ्या. ज्याला सगळे चेसिस प्रिंट म्हणतात ते हेच. दोन-तीन ठसे घेऊन ठेवा, कारण एखादा अंक पुसट येतोच.

इंजिन नंबरही असाच ताडून बघा. मधल्या काळात इंजिन बदललं असेल आणि नोंद केली नसेल तर तो स्वतंत्र विषय होतो आणि तो आधी मिटवावा लागतो. रंग बदलला असेल, सीएनजी किट बसवलं असेल तरी तेच. किटची आरसीवर नोंद नसेल तर पेट्रोलची म्हणून नोंदलेली गाडी मैदानावर गॅसवर उभी राहते आणि तिथेच प्रकरण थांबतं. नोंद असेल तर टाकीच्या तपासणीचा दाखला बघा, सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट दर 3 वर्षांनी लागते आणि ती सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट आहे.

आरसीवर बँकेचं नाव अजून आहे का तेही याच वेळी बघून घ्या. 2010 ला कर्जावर घेतलेल्या गाडीचं कर्ज फिटून दहा वर्षं झालेली असतात, बँक कधीच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते आणि बोजा मात्र नोंदीत तसाच असतो. नमुना 35 आणि बँकेचं ना-हरकत पत्र देऊन तो उतरवता येतो. गाडीवर थकलेले ई-चलान असतील तर तेही भरून टाका, त्यावरूनही अर्ज अडू शकतो.

यानंतर नंबर प्लेट. उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची केली आहे आणि ती नसेल तर आरटीओतली कामं पुढे सरकत नाहीत. चारचाकीचा दर 745 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 879 रुपये 10 पैसे. मागणी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून नेमलेल्या कंपनीकडेच करा, त्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या साइट बऱ्याच आहेत. या मागणीच्या वेळीही चेसिस आणि इंजिन नंबरचे आकडे मागतात आणि ते नोंदीशी ताडले जातात, त्यामुळे मागणी बिनबोभाट स्वीकारली गेली तर तुमची नोंद ठीक आहे याचीही खात्री होते. दोन प्लेट आणि काचेवर लावायचा निळसर स्टिकर असे तिन्ही मिळाले का बघा.

आता पैसे. 1 एप्रिल 2022 पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क 5,000 रुपये आणि मोटारसायकलचं 1,000 रुपये आहे. उशीर झाल्यास कारला दर महिन्याला 500 आणि मोटारसायकलला 300 रुपये जादा. यात महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. तुमच्या बाबतीत मुदत 8 जुलैला संपली. 9 जुलैपासून पहिला महिना सुरू झाला, तो 8 ऑगस्टला संपला. असं मोजत गेलं तर 8 नोव्हेंबरला चार महिने पूर्ण झाले आणि सध्या पाचवा चालू आहे. 8 डिसेंबरपर्यंत अर्ज केलात तर जादा शुल्क 2,500 रुपये, 9 डिसेंबरला केलात तर 3,000. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला तर 5,000 अधिक 2,500, आणि स्मार्ट कार्डचे 200, असे 7,700 रुपये झाले. यावर तपासणीचं शुल्क आणि पर्यावरण कर येतो. पर्यावरण कर महाराष्ट्रात 15 वर्षांवरच्या खासगी गाड्यांना पाच वर्षांचा एकदम लागतो, पेट्रोल आणि डिझेलला वेगळा. तो पोर्टल आपोआप दाखवतं. तुमच्या लाइफटाइम टॅक्सचा या कराशी संबंध नाही, त्यामुळे तो दिसला म्हणून दचकू नका.

हे 500 रुपये उशिराचं शुल्क आहे, त्याने गाडी चालवण्याची परवानगी मिळत नाही. काही जण हिशोब करतात की महिन्याला पाचशेच तर आहेत, बघू पुढे. चलान आणि विम्याचा धोका त्या पाचशेच्या बाहेरचा आहे.

आणखी एक आकडा आत्ताच डोक्यात ठेवा. ऑगस्ट 2025 च्या सुधारणेप्रमाणे 20 वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण 10,000 रुपयांना आणि मोटारसायकलचं 2,000 रुपयांना आहे. आत्ताच्या खेपेला तुम्ही जुन्या दरात आहात, पण 2030 च्या खेपेला दुप्पट द्यावे लागतील. गाडीवर आता किती खर्च करायचा हे ठरवताना पुढचा पाच वर्षांचाच काळ धरणं शहाणपणाचं.

अर्जासाठी पोर्टलवर Renewal of Registration ही सेवा आहे. अर्जाचा नमुना 25. तो छापून त्यावर वडिलांची सही घ्या. नियमात मालकाच्या वतीने अर्ज करता येतो, त्यामुळे वडिलांना मैदानावर उभं करायची गरज नाही, पण अधिकारपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत सोबत असू द्या. सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, आधार आणि पॅन, चेसिस प्रिंट. मालक हयात नसतील तर मात्र आधी वारसाच्या नावावर गाडी करून घेण्याचं प्रकरण येतं. दिवंगत व्यक्तीच्या नावाने सही करून नूतनीकरण उरकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. आणि मुदत संपण्याआधी 60 दिवसांपासून अर्ज करता येतो, हे घरातल्या दुसऱ्या गाडीसाठी लिहून ठेवा.

विमा संपला असेल तर किमान तिऱ्हाईत विमा तरी अर्जाआधी घ्यावा लागेल. पीयूसीसाठी गाडी हलवावी लागते, म्हणून तो टोइंगच्या फेरीतच घ्या. तुमची गाडी 2010 च्या जुलैची, पुण्यातली. एप्रिल 2010 ला ज्या 13 शहरांत बीएस-4 हे प्रदूषणाचं मानक लागू झालं त्यांत पुणे होतं, त्यामुळे गाडी बहुधा बीएस-4 आहे. तसं असेल तर पीयूसी वर्षभराचा मिळतो, नाहीतर सहा महिन्यांचा. बीएस-4 पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमच्या आत लागतं. बरेच दिवस उभी असलेली गाडी थंड इंजिनावर यात नापास होते. एअर फिल्टर आणि प्लग बदलून, टाकीत ताजं पेट्रोल घालून, पार्किंगमध्ये इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा आणि मग चाचणी द्या. तरीही आकडा खाली येत नसेल तर ऑक्सिजन सेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बघावा लागेल. धूर न काढणारी गाडीही यात नापास होऊ शकते, कारण हे वायू डोळ्यांना दिसत नाहीत.

आता मैदान. अपॉइंटमेंटच्या पावतीवर जागा नीट वाचा, आरटीओची इमारत आणि तपासणीचं मैदान एकाच ठिकाणी असतं असं नाही. गाडी धुऊन न्या. यात निरीक्षकाला खूश करायचा प्रश्न नसतो. चिखलाखाली गंज, गळती आणि नंबर दिसत नाहीत, म्हणून मळलेली गाडी परत पाठवावी लागते.

निरीक्षक सुरुवात ओळखीपासून करतो. बॉनेट उघडायला सांगेल, चेसिस नंबर वाचेल, प्रिंटशी ताडेल, इंजिन नंबर, रंग, इंधन, आसनं नोंदीशी जुळवेल. हे जुळलं की मग गाडीकडे वळतो. दिवे एकेक करून लावायला सांगेल: मोठा, छोटा, चारही इंडिकेटर, ब्रेकचे तिन्ही, मागे घेतानाचा, नंबर प्लेटवरचा. नंबर प्लेटचा दिवा बंद असणं हा सगळ्यात सामान्य दोष आहे आणि तो मालकाला कधीच माहीत नसतो. पंधरा वर्षांच्या गाडीच्या हेडलाइटची काच पिवळी पडलेली असते, प्रकाश अर्ध्यावर येतो. ती पॉलिश करून मिळते. त्याऐवजी प्रखर पांढरे एलईडी बसवून नेऊ नका, समोरच्याचे डोळे दिपवणारा दिवा नापासच होतो. हॉर्न एकसुरी हवा. वायपर, काच धुण्याचं पाणी, आरसे, सगळे सीट बेल्ट, स्पीडोमीटर. काचांना काळी फिल्म असेल तर घरीच काढून जा.

टायर बघताना खाचेतले छोटे उंचवटे बघतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की तो संपला. पण कमी चाललेल्या गाडीत खाच भरपूर असते आणि रबर मात्र वयाने तडकलेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. 2315 असेल तर तो 2015 च्या तेविसाव्या आठवड्यातला. खाच उरली आहे म्हणून असा तडकलेला टायर द्रुतगती मार्गावर न्यायचा नसतो, पासिंग होवो अथवा न होवो.

मग ब्रेक. निरीक्षक स्वतः बसतो किंवा तुम्हाला थोड्या वेगाने नेऊन ब्रेक मारायला सांगतो आणि बाहेरून बघतो. गाडी सरळ थांबली पाहिजे. एका बाजूला ओढली तर त्या बाजूचा ब्रेक धरतोय आणि दुसऱ्या बाजूचा धरत नाही. उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये याचं कारण बहुतेकदा मागच्या ड्रममधला गळका व्हील सिलिंडर किंवा पुढचा अडकलेला कॅलिपर असतो. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर बघा. हँडब्रेक उतारावर गाडी धरून ठेवतो का हेही बघतात, आणि महिनोन्‌महिने ओढून ठेवलेला हँडब्रेक सुटतच नाही, हेही मैदानावर कळतं. स्टीअरिंग थोडं हलवून चाक कधी हलायला लागतं ते पाहतात. मोकळी चाल जास्त असेल तर टाय रॉडचे सांधे गेलेले असतात.

शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग खालचा पत्रा. गाडी पुण्यातच राहिली असेल तर फार चिंता नसावी, पण मुंबईत किंवा कोकणात काही वर्षं काढली असतील तर खाऱ्या हवेने दाराखालची पट्टी, जॅक लावायची जागा आणि सस्पेन्शन जिथे बोल्ट होतं ती जागा खाल्लेली असते. वरून रंग मारलेला असतो, म्हणून दिसत नाही. मेकॅनिकला पार्किंगमध्येच गाडी उचलून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघायला सांगा. ठणठणीत आवाज आला तर ठीक, दबका आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर पत्रा गेला. दाराचा गंज कापून जोडता येतो. सस्पेन्शनच्या बैठकीचा गंज असेल तर मी ती गाडी ठेवायला सांगत नाही, कारण ती जागा वेगात असतानाच तुटते.

ही खालच्या पत्र्याची तपासणी अर्जाचे पैसे भरण्याआधी करा. टायर, ब्रेक, दिवे आणि शुल्क मिळून खर्च किती येतो ते कागदावर मांडा. बाजारात त्या गाडीला मिळणाऱ्या किमतीच्या जवळ तो गेला, किंवा बैठकीचा पत्रा गेलेला असला, तर मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात गाडी देणं बरं. तिथून ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नवीन गाडीच्या नोंदणी शुल्कात माफी आहे. आणि नोंदणी रद्द झाल्याची नोंद पोर्टलवर दिसेपर्यंत त्या केंद्राचा पाठपुरावा सोडू नका. भंगारवाल्याला रोखीने विकलेली गाडी नोंदीत वडिलांच्याच नावावर राहते.

तपासणीत दोष निघाला तर निरीक्षक शेरा लिहितो. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा शेऱ्याची प्रत किंवा फोटो घ्या आणि नेमका तोच दोष दुरुस्त करून, बिल ठेवून पुन्हा वेळ घ्या. 'सगळं बघून दे' असं गॅरेजला सांगितलं की खर्च वाढतो आणि लिहिलेला दोष राहून जातो.

मंजुरी मिळाली की नवी तारीख आधी पोर्टलवर दिसते, कार्ड मागाहून टपालाने नोंदीतल्या पत्त्यावर येतं. घर बदललं असेल तर कार्ड जुन्या पत्त्यावर जाऊन परत कार्यालयात पडून राहतं, म्हणून पत्ता बदलाचं काम असेल तर ते अर्जाच्या वेळीच बोलून घ्या. पोर्टलवर तारीख 2030 ची दिसेपर्यंत गाडी पार्किंगमध्येच राहू द्या. कार्ड हातात आलं की चेसिस नंबर पुन्हा एकदा अंक-अंक वाचा, कारण नवी छपाई जुनी चूक जशीच्या तशी उतरवते.